मदत हवी आहे: मीडिया प्लेअरच्या स्टेटचार्टमध्ये बफरिंगची जागा कोणती असावी?

नमस्कार. माझ्या प्लेअरमध्ये आधी सपाट स्टेट मशीन होते. चालू, थांबलेला, बफरिंग आणि समाप्त या 4 अवस्थांना आवाजाच्या 2 आणि पडद्याच्या 2 अवस्थांनी गुणले की 16 अवस्था होत, आणि ‘फाइल बंद करा’ ही एकच घटना त्या प्रत्येकीत पुन्हा लिहावी लागे. आता प्लेबॅक, आवाज व पडदा हे समांतर विभाग ‘फाइल उघडी’ या पालक अवस्थेत ठेवल्याने 8 अवस्था पुरतात आणि बंद करण्याचे संक्रमण पालकावर एकदाच येते; हा बदल मला मनापासून पटला आहे.

अडचण बफरिंगची आहे. चालू आणि थांबलेला यांना ‘सज्ज’ या अवस्थेत एकत्र ठेवले असून, बफरिंग संपल्यावर हिस्टरी स्टेटद्वारे तिथे परततो. मात्र बफरिंग सुरू असताना वापरकर्त्याने पॉज दाबला, तर हिस्टरीत ‘चालू’ हीच नोंद असल्यामुळे व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

बफरिंगमध्येही दोन उपअवस्था कराव्यात, की ‘डेटा पुरेसा’ व ‘डेटा अपुरा’ असा चौथा समांतर विभाग काढून, दोन्ही अटी जुळल्या तरच चित्र पुढे सरकवावे? मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, परंतु त्यात विभाग एकमेकांच्या अवस्थेवर अवलंबून राहतात. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.