मदत हवी आहे: आंब्याच्या रायपनिंग चेंबरचे सक्सेस क्रायटेरिया आणि केपीआय

देवगडकडे आमच्या बागायतदार गटाचं रायपनिंग चेंबर होतंय, प्लॅन मला लिहायचाय. मला कळलंय ते असं की सक्सेस क्रायटेरिया म्हणजे शेवटी एकदाच हो की नाही ठरवायचं, आणि केपीआय म्हणजे मधेमधे मोजत राहायचं, गाडी रुळावर आहे का बघायला. म्हणून क्रायटेरिया लिहिले: 15 मार्चच्या आत चेंबर चालू, खर्च 18 लाखांच्या आत, पहिल्या सीझनला खराब फळ 5 टक्क्यांच्या आत. केपीआय: प्रत्येक बॅचला शंभरातली किती फळं खराब.

घोळ इथेच झालाय, खराब फळ दोन्हीकडे आलं. त्यात साका, म्हणजे फळाचा गर आतून बिघडणं, तर झाडावरूनच येतो, फळ कापल्याशिवाय दिसतही नाही, त्याचं खापर चेंबरवर कसं फोडणार? म्हणून साका वेगळा मोजायचं ठरवलं, पण गेल्या वर्षीचा आकडाच नाही, विचारलं तर सगळे म्हणतात "पेटीमागे दोन-चार जायचे". शिवाय प्रोजेक्ट मार्चमध्ये बंद होणार आणि आंबा मे अखेरपर्यंत.

नोंदी वहीतच होतात, सॉफ्टवेअर नको. मग 5 टक्के क्रायटेरियात ठेवून निकाल जूनमध्ये लावायचा, की तो नुसता केपीआय ठेवायचा? आणि जुना आकडा नसताना 5 हा आकडा धरायचा कशावरून?