जिल्ह्यांचा नकाशा रंगवला की स्लाइड झाली?

बाणेरचा बंड्या: जिल्हावार आकडे असले की सरळ नकाशा टाका राव. एक्सेलमध्ये दोन कॉलम, इन्सर्ट, मॅप, विषय संपला. जास्त आकडा गडद, कमी आकडा फिका. साहेबांना अर्ध्या मिनिटात अख्खा महाराष्ट्र कळतो. पट्ट्यांचे आलेख आणि छत्तीस ओळींचे तक्ते टाकणाऱ्यांनी आता तरी सुधारावं. आहे कुणाची हरकत?

नकाशावाली: आहे. साहेबांना अर्ध्या मिनिटात कळतं ते एवढंच, की नगर, पुणे आणि गडचिरोली हे मोठे जिल्हे आहेत. ते चौथीच्या भूगोलातही होतं.

तुझ्या कंपनीचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून सगळ्यांना तपासता येतील असे 2011 च्या जनगणनेचे घेते. गडचिरोलीचं क्षेत्रफळ 14,412 चौ. किमी, लोकसंख्या 10.73 लाख. मुंबई शहर आणि उपनगर मिळून 603 चौ. किमी, लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. म्हणजे स्लाइडवर गडचिरोलीला मुंबईच्या चोवीसपट जागा, आणि माणसं बाराव्या हिश्श्याच्या आसपास. नकाशा चौदा सेंटिमीटर उंच काढलास तर एका सेंटिमीटरमध्ये साधारण पन्नास किलोमीटर बसतात. त्यात मुंबई शहर जेमतेम अडीच मिलिमीटरचं. हिंजवडीतल्या लांबलचक मीटिंग रूममध्ये शेवटच्या खुर्चीवरून तो ठिपका दिसतो का, ते एकदा जाऊन बघ.

बरं, नुसती संख्या न रंगवता घनता घेतलीस, म्हणजे शहाण्यासारखं वागलास, तरी सुटका नाही. दर चौ. किमीमागे माणसं बघ: मुंबई उपनगर 20,980. गडचिरोली 74. पुणे 603. एक्सेल किमान ते कमाल अशी सलग छटा देतं. त्या पट्टीवर पुणे येतं अडीच टक्क्यांवर आणि ठाणे पाच टक्क्यांवर. म्हणजे एक न दिसणारा ठिपका गडद आणि बाकी सगळं राज्य एकसारखं फिकं. काय कळलं साहेबांना?

बाणेरचा बंड्या: ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. आमचा डेटा लोकसंख्येचा नाही, डीलरकडून आलेल्या ऑर्डरचा आहे.

नकाशावाली: मग तर आणखी वाईट. जिथे माणसं जास्त तिथे ऑर्डर जास्त. तू ऑर्डरचा नकाशा म्हणून लोकसंख्येचाच नकाशा दाखवतोयस. दर लाख लोकसंख्येमागे किंवा दर डीलरमागे किती, हे काढ. मग रंगव.

पेठेतले काका: आयुष्यभर सांख्यिकीत काढलं, म्हणून दोन शब्द. सलग छटा मुळातच वापरू नये. माणसाच्या डोळ्याला नकाशावर मोजक्याच छटा धड ओळखता येतात, त्यापुढे अंदाज. चढत्या क्रमाने जिल्हे लावा, सात-सातचे पाच गट करा, 2011 चे पस्तीस जिल्हे बरोबर बसतात. प्रत्येक रंग सारख्या जिल्ह्यांना मिळतो, नकाशा भरलेला दिसतो. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

नकाशावाली: काका, वाद आहे. तुमच्या पद्धतीने वरच्या सातांत कोण येतं बघा: मुंबईचे दोन्ही जिल्हे, ठाणे, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि सातवं नाशिक. नाशिकची घनता 393, उपनगराची 20,980. दोघांना एकच रंग. नाशिककर खूश होतील, पण नकाशा खोटं बोलतोय. आणि आठवा रायगड, 368, तो खालच्या रंगात. नाशिक आणि रायगडात फरक पंचवीसचा, तो दिसतो. नाशिक आणि मुंबईत फरक वीस हजारांचा, तो गायब.

माझ्या सीमा या: 200 पर्यंत, 200 ते 300, 300 ते 400, 400 ते 1,200, आणि मुंबई वेगळी. 1,157 च्या ठाण्यानंतर थेट 19,652 चं मुंबई शहर आहे, मधे कुणीच नाही. रेघ अशाच मोकळ्या जागी मारायची असते.

पेठेतले काका: मोकळ्या जागी? मग 200 वर का मारलीत? रत्नागिरी 197, यवतमाळ 204, वर्धा 206. या तिघांत तुम्ही भिंत घातलीत, कारण 200 हा आकडा दिसायला गोंडस आहे. त्यापुढे धाराशिव 219. खरी मोकळी जागा 206 आणि 219 च्या मधे आहे. दुसऱ्याला शिकवायचं आणि स्वतः गोल आकड्यांच्या प्रेमात पडायचं!

नकाशावाली: बरोबर आहे, 210 करते. पण लेजंडमध्ये 210 दिसलं की पहिला प्रश्न येतो "हा कुठून काढला?", आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही मीटिंगला या.

वऱ्हाडी पुण्यात: इथं कोणी हे बोलतच नाही बाप्पा, की कुठलाही नकाशा काढा, शेवटी आमचं गडचिरोलीच भडक लाल होऊन येतं. मागास, लाल. कमी, लाल. ऑफिसात प्रत्येक वेळी स्लाइड आली की सगळे वळून माझ्याकडे बघतात, जसं काही मीच केलं. पुण्याच्या लोकांना विदर्भ म्हणजे फक्त एक रंग वाटतो काय?

बाणेरचा बंड्या: भाऊ, विषय घनतेचा आहे, राजकारण कशाला?

वऱ्हाडी पुण्यात: राजकारण नाही, तुमच्याच घनतेचं बोलतो. 74 म्हणे. देसाईगंजला या आणि मग भामरागडला जा. एकीकडे बाजारपेठ, रेल्वे, दुसरीकडे जंगलच जंगल. चौऱ्याहत्तर कुठंच नाही. तालुके बारा आहेत, रंग एक.

नकाशावाली: हे मात्र खरं आहे, आणि पुण्यालाही लागू आहे. 603 मध्ये कसबा पेठ आणि वेल्ह्याचे डोंगर एकाच रंगात रंगलेत. जिल्ह्याची हद्द महसुलासाठी आखली, आपल्या डेटासाठी नाही. लालचं म्हणाल तर घनतेला लाल द्यायचंच कशाला? एकाच निळ्याच्या फिक्यापासून गडद छटा घ्या. लाल-हिरवा तर नकोच, काही पुरुषांना त्यातला फरकच दिसत नाही.

हिंजवडी शटल: माझा किस्सा ऐका. क्लायंटसमोर नकाशा लावला, सगळं झकास. त्यांचे एक डायरेक्टर वसईचे. त्यांनी विचारलं, "आमच्याकडे तुमचं काहीच काम नाही का?" बघतो तर पालघर पांढरं! खरं तर आमचा तिकडे चांगला धंदा होता. नकाशाची फाइल इंटरनेटवरून घेतलेली, नकाशात पालघर होतं, पण आमच्या शीटमध्ये ते ठाण्यातच धरलेलं. तेव्हापासून मी नकाशाच्या वाटेला जात नाही.

पेठेतले काका: पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळं झालं. 2011 च्या जनगणनेत जिल्हे 35, आता 36. जुना आणि नवा डेटा एकत्र आणला की हे होणारच. शून्याला एक रंग आणि "माहिती नाही"ला राखाडी, एवढं केलं असतं तर डायरेक्टरांनी तसं विचारलंच नसतं.

हिंजवडी शटल: मग उपाय काय? जुन्या वर्षाशी तुलना करायची तर ठाणे-पालघर पुन्हा एकत्र करावं लागणार ना? दोघांची सरासरी काढली की झालं.

नकाशावाली: सरासरी नको, प्लीज! आजच्या हद्दीप्रमाणे 2011 ची लोकसंख्या ठाण्याची 80.70 लाख, क्षेत्रफळ 4,214. घनता 1,915. पालघरची 29.90 लाख, 5,344. घनता 560. दोन घनतांची सरासरी 1,237 येते. आता लोक आणि जमीन आधी वेगवेगळी बेरीज करून मग भागाकार कर: 1 कोटी 10.60 लाख भागिले 9,558, म्हणजे 1,157. हेच 2011 चं जुन्या ठाण्याचं अधिकृत उत्तर. ऐंशीचा फरक नुसत्या आळसाने पडला. घनता असो, साक्षरता असो, दर लाखामागचं काही असो, वरच्या आकड्यांची वेगळी बेरीज करा, खालच्यांची वेगळी, मग भागा.

हिंजवडी शटल: आणि उलट करायचं असेल तर? जुन्या एकत्र ठाण्याच्या आकड्यातून पालघर वेगळं काढायचं?

नकाशावाली: तालुकावार आकडे असतील तर वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड मिळून होतं. नसतील तर होत नाही. अंदाजाने टक्केवारी लावून वाटू नकोस.

पेठेतले काका: आणि नावांचं काय? जनगणनेच्या फाइलमध्ये `Bid`, `Ahmadnagar`, `Gondiya`, `Raigarh` असं आहे. तुम्ही शीटमध्ये `Beed`, `Gondia` लिहिता. जुळत नाही, जिल्हा रिकामा. आता त्यात अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आले. दर दोन वर्षांनी फाइल नवी करायची का?

बाणेरचा बंड्या: काका, एक्सेल नाव ओळखतं हो आपोआप.

नकाशावाली: ओळखतं, म्हणूनच भीती. `Raigarh` हा छत्तीसगडमध्येही जिल्हा आहे, आणि औरंगाबाद बिहारमध्येही. रंग कधी कधी भलतीकडे जाऊन बसतो आणि अलिबाग पांढरं राहतं. नावावर न जुळवता जनगणनेच्या कोडवर जुळव. पस्तीस जिल्ह्यांना 497 ते 531, पुणे 521. नाव बदललं म्हणून कोड बदलत नाही. एक्सेलचा मॅप चार्ट कोड समजत नाही, म्हणून मी क्यूजीआयएसमध्ये नकाशा करते आणि चित्र स्लाइडवर आणते.

बाणेरचा बंड्या: म्हणजे दोन मिनिटांच्या स्लाइडसाठी एक नवं सॉफ्टवेअर शिकायचं. वा! मग साहेबांना आकडे व्हॉट्सॲपवर पाठवतो, तेही वाचत नाहीत.

वऱ्हाडी पुण्यात: बंड्या, तुझं बरोबर नसलं तरी त्रास खरा आहे.

नकाशावाली: एक्सेलमध्येच राहायचं असेल तर तिसरा कॉलम टाक, त्यात गटाचं नाव लिही, "210 पर्यंत", "210 ते 300" वगैरे. नकाशा आकड्यावर न काढता त्या कॉलमवर काढ, मग रंग गटागटाने हाताने देता येतात. मुंबईचा आकडा बाजूला मोठ्या अक्षरात लिही, आणि उतरत्या क्रमाच्या पट्ट्या शेजारी ठेव. नकाशा "कुठे" हे सांगतो, पट्ट्या "किती".

पेठेतले काका: नकाशा नसला तरी चालतं. पट्ट्या पुरतात.

नकाशावाली: कोकण एका बाजूला, मराठवाडा दुसऱ्या बाजूला, असा पट्टा उमटत असेल तर पट्ट्यांच्या आलेखात तो दिसत नाही काका. तसा पट्टा नसेल तर तुमचं खरं.

पेठेतले काका: "तुमचं खरं" हे शब्द या धाग्यावर पहिल्यांदा आले. नोंद घेतली.

बाणेरचा बंड्या: ठीक आहे. सोमवारी दर लाखामागे ऑर्डर काढतो, तिसरा कॉलम टाकतो, पट्ट्याही टाकतो. साहेब म्हणतील नकाशा मोठा कर आणि पट्ट्या काढून टाक. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचा नंबर देऊ?

हिंजवडी शटल: आधी पालघर तपास.