आई वटपौर्णिमेची, मग 2026 मध्ये वाढदिवस 31 मे की 29 जून?

मृणाल, नौपाडा: आईचा जन्म वटपौर्णिमेचा. मास्तरांनी शाळेत नाव घालताना लावलेली 1 जून ही तारीख तिला मान्यच नाही. 2026 च्या पंचांगात ज्येष्ठ पौर्णिमा दोनदा दिसते, 31 मे आणि 29 जून. कधी ओवाळायचं?

संदेश, ऐरोली: 31 मे. आधी येते ती धरा, शिवाय रविवार आहे.

बापटकाका: रविवार असला तरी तो अधिक ज्येष्ठ आहे हो! 17 मे ते 15 जून अधिक महिना, निज ज्येष्ठ त्यानंतर सुरू होतो. वाढदिवस निज महिन्यातल्या तिथीला करतात, म्हणजे सोमवार, 29 जून. वटपौर्णिमाही त्याच दिवशी.

संदेश, ऐरोली: म्हणजे वटपौर्णिमेची तारीख बघितली की झालं. एवढा काथ्याकूट कशाला?

बापटकाका: 2026 ला तसं जमतं, दर वर्षी नाही. 2025 चं बघा. पौर्णिमा लागली 10 जूनला सकाळी साडेअकराच्या सुमारास आणि संपली 11 ला दुपारी सव्वाच्या आसपास. बायकांनी वड पुजला 10 ला, पण सूर्योदयाला पौर्णिमा होती 11 ला. सणाचा नियम वेगळा, वाढदिवसाला आम्ही सूर्योदयाची तिथी घेतो. त्यामुळे 2025 चा वाढदिवस 11 जून.

शुभदा, वाशी: मला हे पटत नाही. आमच्याकडे सासूबाईंचा वाढदिवस सणाच्याच दिवशी होतो. वडाची पूजा झाली की औक्षण. आई स्वतःला ‘वटपौर्णिमेची’ म्हणते ना, ‘ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमेची’ नाही. आणि तुमचा सूर्योदय नक्की कुठला? माझी लेक न्यू जर्सीत आहे. तिथल्या वेळेने तीच पौर्णिमा 10 ला रात्री दोनला लागली आणि 11 ला सूर्य उगवायच्या आत संपली. म्हणजे तिच्या पंचांगात 10, तुमच्या 11.

बापटकाका: बरोबर, माणूस राहतो तिथला सूर्योदय धरायचा. ठाण्याला मुंबईचं पंचांग चालतं. मृणाल, एक विचारतो, आईचा जन्म किती वाजताचा? 2025 सारखं वर्ष असेल आणि जन्म पहाटेचा, तर दिवस वटपौर्णिमेचा असूनही तिथी चतुर्दशी निघेल.

नितीन, कोपरखैरणे: मी एक सोपं ऐकलंय, 19 वर्षांनी तिथी त्याच तारखेला येते. जन्मवर्षात 19-19 मिळवत जा.

बापटकाका: साधारण येते. अधिक ज्येष्ठसुद्धा 2007 ला होता आणि 19 वर्षांनी 2026 ला आला. पण एखाद्या दिवसाचा फरक पडतो. 2004 ची गणेश चतुर्थी 18 सप्टेंबरला होती, 2023 ची 19 ला. शिवाय मधल्या 18 वर्षांचं काय करणार?

मृणाल, नौपाडा: आईला विचारलं. म्हणाली, “पहाटे. आजी पूजेला जायची होती, ते राहिलं.” जन्मवर्षही नक्की नाही, मास्तरांनी तेही अंदाजेच लिहिलं असणार. आता चतुर्दशी म्हटलं तर ती माझ्याशी बोलणार नाही.

शुभदा, वाशी: मग नकाच सांगू!