प्रोजेक्ट संपल्यावरचं 'काय शिकलो' प्रेझेंटेशन: तीन रकाने कसे भरावेत?

रेवा_क

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवं सुरू करण्याचं आमचं काम नुकतंच संपलं. पुढच्या आठवड्यात मला त्यावर अर्ध्या तासाचं प्रेझेंटेशन द्यायचं आहे. साचा ठरलेला आहे: काय जमलं, काय फसलं, काय बदलायचं. ऐकायला आमची टीम, विभागप्रमुख आणि आणखी दोन प्रोजेक्टचे लीड असतील. त्यातल्या एकाचं असंच डेटा मायग्रेशन लवकरच सुरू होतंय, म्हणजे खरा उपयोग त्याला व्हायला हवा.

टीमशी बोलून कच्चा आराखडा केलाय तो असा.

जमलं: कटओव्हर ठरलेल्या शनिवार-रविवारातच पूर्ण झाला, सोमवारी सकाळी काम वेळेवर सुरू.
फसलं: डेटा साफ करायला 4 आठवडे धरले होते, लागले 11. सगळा प्रोजेक्ट 7 आठवडे लांबला. शिवाय रिपोर्टची यादी शेवटपर्यंत बदलत राहिली.
बदलायचं: डेटा साफसफाईला जास्त वेळ ठेवणे, संवाद सुधारणे, गरजा लवकर पक्क्या करणे.

वाचताना हे अगदी पोकळ वाटतंय. यातलं काहीच खोटं नाही, पण तो दुसरा लीड हे ऐकून उद्या नक्की काय वेगळं करेल ते मला सांगता येत नाही. कुठे कमी पडतंय?

सुहास_पी

प्रत्येक फसलेल्या गोष्टीला पाच वेळा 'का' विचारा, मूळ कारण सापडतं. तेवढं एकच कारण स्लाइडवर ठेवा, बाकीचा पाल्हाळ नको. 1999 मध्ये नासाचं मंगळावरचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' गेलं ते एककांच्या घोळामुळे, एवढं एक वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तसं तुमचं एक वाक्य शोधा. आणि 'जमलं' आणि 'फसलं' यांत मुद्दे सारखेच असू द्या, नाहीतर टीमचा हिरमोड होतो.

चित्रा_लेले

तीन रकान्यांना तीन वेगळे रंग द्या आणि एका स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. मागच्या रांगेतून वाचता आलं पाहिजे. आकडे तक्त्याऐवजी आलेखात दाखवा.

रेवा_क

चित्राताई, धन्यवाद. मांडणी जमेल, माझी अडचण मजकुराची आहे. रकान्यांत जे लिहिलंय ते योग्य रकान्यात आहे का, इथपासूनच शंका आहे.

अनंत_दे

रेवा, तुमची शंका रास्त आहे. बहुतेक वेळा रकाने शेवट बघून भरले जातात. शेवट गोड झाला की 'जमलं', वाईट झाला की 'फसलं'. मग मधे काय घडलं ते कुणी बघतच नाही.

अमेरिकी लष्करात सरावानंतर जो आढावा घेतात त्यात चार प्रश्न असतात: काय व्हायचं होतं, प्रत्यक्षात काय झालं, तसं का झालं, पुढे काय करायचं. तुमच्या साच्यात पहिला प्रश्नच नाही. त्यामुळे आधी प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ योजना काय होती ते तारखा-तासांसकट लिहून काढा. आठवणीवर भरवसा ठेवू नका. जुने वेळापत्रक, ईमेल, बैठकीच्या नोंदी काढा. शेवट माहीत झाला की 'हे तर आधीच दिसत होतं' असं सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटायला लागतं.

दोन गोष्टी सांगा. कटओव्हर नक्की किती वाजता संपला, आणि रोलबॅकला किती वेळ धरला होता? दुसरं, 4 आठवड्यांचा अंदाज कशावरून आला होता?

सुहास, ऑर्बिटरच्या चौकशी अहवालात एककांचं कारण मुख्य आहेच. एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं आणि पुढे ते न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. पण त्याच अहवालात आणखी आठ हातभार लावणारी कारणं नोंदवली आहेत, आणि पुढच्या यानासाठी उपयोगाचं बरंचसं त्या आठांत आहे. घोळ कुणी केला यापेक्षा तो इतके महिने पकडला का गेला नाही, हा प्रश्न जास्त देऊन जातो. पाच 'का' जरूर विचारा, पण एका 'का'ला दोन-तीन उत्तरं आली तर एकावर बोट ठेवून बाकीची टाकू नका.

रेवा_क

जुनी कागदपत्रं काढून बसले. कटओव्हरसाठी शुक्रवारी रात्री 8 ते सोमवारी सकाळी 6 असे 58 तास होते. रोलबॅकला 10 तास धरले होते. शनिवारी मध्यरात्री डेटा चढवणारी स्क्रिप्ट जुन्या नोंदींतल्या तारखांवर अडली. जुन्या सॉफ्टवेअरवर पूर्वी काम केलेला एक सहकारी योगायोगाने तिथे होता, त्याने दुरुस्ती केली. काम रविवारी रात्री 11 ला संपलं. दोन रंगीत तालमी झाल्या होत्या, तिसरी उशीर झाल्यामुळे रद्द केली.

4 आठवड्यांचं गणित असं. एकूण ग्राहक 1,80,000. 500 नोंदी तपासल्या, 11 मध्ये दोष निघाला, म्हणजे साधारण 4,000 नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागतील असं धरलं. दोन माणसं दिवसाला 200 करतात, म्हणून 20 दिवस. प्रत्यक्षात 19,000 निघाल्या. नंतर माणसं वाढवली तरी 11 आठवडे गेले.

अनंत_दे

मग तुमचा 'जमलं'मधला पहिला मुद्दाच मला तिथून हलवावासा वाटतो.

सोमवारी 6 ला काम सुरू व्हायचं आणि मागे फिरायला 10 तास लागणार, म्हणजे रविवारी रात्री 8 नंतर परतीची वाट बंद होती. तुम्ही 11 ला पोचलात. मधले तीन तास काही अडलं असतं तर ना नवं सॉफ्टवेअर, ना जुनं. रात्री 8 वाजता 'पुढे जायचं' हे कुणी ठरवलं, ते टीमला विचारा. माझा अंदाज आहे की कुणीच ठरवलं नाही, सगळे कामात बुडाले होते आणि 8 वाजून गेले.

त्यात तो सहकारी योगायोगाने होता. 'जमलं'मधल्या प्रत्येक मुद्द्याला एकच कसोटी लावा: हीच माणसं नसतील आणि हेच काम पुन्हा केलं तर पुन्हा जमेल का? उत्तर 'नाही' असेल तर त्याला 'थोडक्यात निभावलं' असा चौथा रकाना द्या. साचा मोडला तरी चालेल. तो दुसरा लीड 'दोन तालमींत भागतं' एवढंच शिकून गेला तर तुमचं प्रेझेंटेशन त्याला खड्ड्यात घालेल.

आता साफसफाई. 500 पैकी 11 म्हणजे 2.2 टक्के, 19,000 म्हणजे साडेदहा टक्क्यांच्या वर. नमुना योग्य घेतला असता तर एवढा फरक नशिबाने पडत नाही. ते 500 कसे निवडले होते?

रेवा_क

आत्ता क्वेरी पाहिली. तारखेनुसार उतरत्या क्रमाने लावून वरचे 500 घेतले होते, म्हणजे सगळे अगदी अलीकडचे ग्राहक. जुन्या काळी अर्जावरून हाताने भरलेल्या नोंदी त्यात आल्याच नाहीत. आणि 8 वाजताच्या निर्णयाचंही विचारलं. तुमचा अंदाज बरोबर आहे, ती वेळ वेळापत्रकात लिहिलेलीच नव्हती.

अनंत_दे

मग 'साफसफाईला जास्त वेळ ठेवणे' हा धडा काढून टाका. पुढचा माणूस 4 चे 6 आठवडे धरेल आणि तरीही बुडेल, किंवा 11 धरेल आणि त्याच्याकडे डेटा बरा असला तर सात आठवडे वाया घालवेल. धडा असा लिहा: अंदाज देण्याआधी नोंदींचे वयानुसार गट पाडायचे, प्रत्येक गटातून यादृच्छिक नमुना घ्यायचा, आणि टक्केवारी गटागटाने मांडायची. यात गुंतागुंत काहीच नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

रिपोर्टची यादी का बदलली तेवढं बघा. बाहेरचा नियम बदलला म्हणून असेल तर ती घटना आहे, तिच्यावर 'गरजा लवकर पक्क्या करा' हा उपाय लागू पडत नाही.

'संवाद सुधारणे' मात्र काढाच. तो कुठल्याही प्रोजेक्टला चिकटवता येतो आणि झाला की नाही हे कुणालाच तपासता येत नाही.

मंदार.ज

आमचं क्षेत्र वेगळं, फिरती प्रदर्शनं उभारतो. एका मोठ्या प्रदर्शनानंतर आम्ही धड्यांची भलीमोठी यादी केली, प्रेझेंटेशनही छान झालं, फाइल सगळ्यांना गेली. पुढच्या टीमने ती उघडली नाही. त्यांच्यापर्यंत पोचला तो एकच धडा. खरेदीच्या फॉर्ममध्ये आमच्या एका सहकाऱ्याने ओळ घातली होती: 'छताला टांगायच्या प्रत्येक वस्तूचं वजन'. ती भरल्याशिवाय ऑर्डर पुढेच जात नाही. तेव्हापासून मी 'काय बदलायचं' या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे कोणता कागद बदलला तेच विचारतो. बदल प्रेझेंटेशनच्या आधीच करून टाकला तर उत्तम.

रेवा_क

मंदार, हे लगेच वापरतेय. 'काय बदलायचं' आता दोनच ओळींचं झालंय. एक, कटओव्हरच्या तासवार वेळापत्रकाच्या टेम्प्लेटमध्ये 'परतीची शेवटची वेळ' आणि 'निर्णय कोणाचा' या दोन जागा. त्या रिकाम्या असतील तर मंजुरी नाही. दोन, अंदाजपत्रकाच्या फॉर्ममध्ये 'नमुना कोणत्या गटांतून घेतला' ही जागा. टेम्प्लेट सांभाळणाऱ्या बाईंशी बोलले, त्या या आठवड्यात घालून देणार आहेत. रिपोर्टची यादी खरंच नियम बदलल्यामुळे बदलली होती, ती एका वाक्यात सांगून पुढे जाईन.

एक प्रश्न उरतो. नमुन्याची क्वेरी बाहेरच्या व्हेंडरच्या माणसाने लिहिली होती. तसं स्लाइडवर लिहू का?

सुहास_पी

लिहायला हवं. पुढचा लीड त्याच व्हेंडरला घेणार असेल तर त्याला कळलंच पाहिजे. झाकून कुणाचं भलं होतं?

अनंत_दे

मी लिहिणार नाही. ती क्वेरी तुमच्या बाजूनेही कुणीतरी वाचून मान्य केली असेल. नाव आलं की खोलीतली चर्चा त्या माणसावर जाते आणि नमुना कसा घ्यायचा हा विषय राहून जातो. व्हेंडरच्या कामाचं मूल्यमापन वेगळ्या कागदावर, वेगळ्या बैठकीत करा.

सुहास_पी

वेगळी बैठक कधीच होत नाही, असा माझा अनुभव आहे.

मंदार.ज

दोघांचंही पटतं. विभागप्रमुख खोलीत असताना मी नाव घेणार नाही, पण त्या लीडला आधी गाठून बोलेन. रेवा, एक विचारायचं राहिलं: जुन्या तारखा दुरुस्त करणाऱ्या त्या सहकाऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट कुठे जपून ठेवली आहे का?

रेवा_क

त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर आहे. आज मागून घेते आणि त्यासोबत कुठल्या तारखा का अडल्या होत्या तेही त्याच्याकडून लिहून घेते.