कन्सोलची स्क्रीन लुकलुकते, अंधारते, ठिपका दिसतो: तुमचे अनुभव सांगा

पेडण्याची मामी
चतुर्थीला भाचा पुण्याहून आला तो हातात निन्टेन्डो स्विच घेऊनच. पहिली आवृत्ती आहे, साधी एलसीडीची. माटोळी बांधून झाली, मंडळी जेवून पडवीत टेकली आणि हा खेळायला बसला. तेवढ्यात स्क्रीन लुकलुकायला लागली. मधेच पूर्ण काळी होते, आवाज मात्र चालू राहतो, मग आपोआप उजेड येतो. हातात थोडी वाकडी धरली की जास्त होतं, असं तो म्हणतो. इथल्या एका दुकानात नेली, तर त्यांनी न उघडताच "डिस्प्ले बदला" सांगितलं. रक्कम बरीच मोठी होती. बदलायची तयारी आहे, पण खरोखर तेच गेलंय का हे आधी कळायला हवं. ज्यांच्या हातातल्या कन्सोलची स्क्रीन लुकलुकली, अंधारली किंवा ठिपका धरून बसली, त्यांनी काय सापडलं आणि कशावरून ओळखलं ते लिहा.

फोंडेकर
माझ्या स्विच लाइटवर वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका आहे, दीड वर्ष झालं. काळ्या दृश्यात फार टोचतो. झरझर रंग बदलणारा व्हिडिओ चार तास लावून ठेवला, ठिपका गेला नाही. मग कापडात बोट गुंडाळून तिथे दाबलं, तर शेजारी एक फिकट डाग उमटला, तो आजही आहे. मामींनी बोट लावू नये एवढंच सांगतो.

म्हापशातला रिपेअरवाला
फोंडेकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ठिपका कायम एकाच रंगाचा असेल तर तो पिक्सेल अडकलाय, कायम काळा असेल तर मेलाय. दोन्ही दोष काचेच्या आतले आहेत, त्यांचा केबलशी संबंध नाही. रंगांच्या व्हिडिओने अडकलेला पिक्सेल कधी सुटतो, पण दाबून तो सुटेल यावर माझा भरवसा नाही. दाबल्यावर उमटलेले डाग मात्र मी पुष्कळ पाहिलेत.

मामी, उघडण्याआधी घरी तीन गोष्टी करा. पहिली, कन्सोल डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर तासभर खेळू द्या. टीव्हीवर चित्र स्वच्छ राहिलं तर प्रोसेसर आणि मेमरी ठीक आहेत, दोष कन्सोलच्या स्क्रीनकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. दुसरी, लुकलुकत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉट पॅनलमधून जात नाही, कन्सोलच्या आत तयार झालेलं चित्र साठवतो. म्हणून त्यात दोष दिसला नाही तर तो पुढे कुठेतरी तयार होतोय. तिसरी सर्वांत महत्त्वाची. स्क्रीन काळी पडली की खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. आत चित्र पुसट हलताना दिसलं तर पॅनल चित्र दाखवतोय, फक्त मागचा उजेड गेलाय. काहीच दिसलं नाही तर चित्राची केबल किंवा पॅनल बघायचा.

वास्कोचा सुहृद
मामी, हा गोव्याचा ओलावा आहे, दुसरं काही नाही. माझ्या जुन्या पीएसपीला पावसाळ्यात असंच झालं होतं. तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरली आणि ती ठीक झाली. आधी हे करून बघा, पैसे वाचतील.

म्हापशातला रिपेअरवाला
सुहृद, ओलाव्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. जून ते सप्टेंबर माझ्याकडे अशा केसेस वाढतात, त्यातही किनाऱ्याकडच्या गावांतून. पण तांदूळ कनेक्टरवरचा गंज काढत नाही. दोन दिवस बंद राहून तुमच्या पीएसपीतली वाफ उडाली असेल, म्हणून ती चालली असेल. जोडावर एकदा हिरवट थर धरला की तो वाळवून जात नाही, पुसावा लागतो. वर तांदळाची भुकटी पोर्टात शिरते ती वेगळीच. डब्यात ठेवायचंच असेल तर बूट-पर्सच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या घ्या.

मडगावची रेखाटणारी
माझ्याकडे अजून दोन स्क्रीनची, मिटणारी डीएस लाइट आहे. वरची स्क्रीन कधी पांढरी, कधी पट्टेदार व्हायची आणि झाकण ठराविक कोनात धरलं की नीट दिसायची. वरच्या स्क्रीनची चपटी केबल, म्हणजे पट्टी, बिजागरीतून गुंडाळून जाते आणि रोज उघडबंद करून ती आतल्या आत तुटत आली होती. जिथे पट्टी वाकते तिथला दोष कोनाने ओळखता येतो, हे मला तेव्हा कळलं. मामींच्या कन्सोलला बिजागरी नाही, पण "वाकडी धरल्यावर जास्त होतं" हे वाचून माझं डोकं लगेच तिकडे गेलं.

पेडण्याची मामी
तिन्ही केलं. टीव्हीवर सव्वा तास काहीही झालं नाही. स्क्रीनशॉट अगदी स्वच्छ आला. रात्री लाइट गेली होती, अंधार आपोआप मिळाला. टॉर्च तिरका धरला तर आत पुसट चित्र दिसलं, भाच्याचा हिरो पळत होता. तो हरखून ओरडला. मग हा पॅनल गेलेला नाही ना?

पर्वरीचा
एक विचारतो. `Auto-Brightness` बंद करून बघितलं का? माझ्या मुलीची स्विच खिडकीजवळ बसली की उजळायची आणि आत आली की अंधारायची. आम्ही आठवडाभर बॅकलाइटच गेलाय समजत होतो.

पेडण्याची मामी
ते बंदच होतं. आणि नुसतं मंद होत नाही, पूर्ण काळं होतं.

पणजीचा इलेक्ट्रॉनिक्सवाला
माझा थोडा वेगळा सूर. लुकलुक म्हणजे नेहमी सुटी केबलच असते असं नाही. माझ्याकडच्या एका छोट्या रेट्रो कन्सोलचा उजेड कमी केला की डोळे दुखायचे. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघितलं तर नियमित, सारख्या अंतराचे पट्टे सरकताना दिसले. पूर्ण उजेडावर पट्टे नाहीसे. तो बॅकलाइट झरझर चालू-बंद करून उजेड कमी करतो, तशी रचनाच आहे, त्याला दुरुस्ती नाही. म्हणून मी आधी उजेड पूर्ण करून बघतो. पूर्ण उजेडावरही अनियमित झपकी राहिली तरच केबलकडे वळतो.

म्हापशातला रिपेअरवाला
हे मान्य. मामींच्या बाबतीत मात्र झपकी अनियमित आहे आणि हाताच्या धरण्यावर अवलंबून आहे, म्हणून माझा संशय बॅकलाइटच्या वाटेवर आहे. या पहिल्या स्विचमध्ये चित्राची रुंद पट्टी वेगळी आणि बॅकलाइटची अरुंद पट्टी वेगळी असते. चित्राची पट्टी सैल झाली तर रंग बिघडतात, उभे पट्टे येतात, चित्र फाटतं. बॅकलाइटची सैल झाली तर चित्र जसंच्या तसं आणि उजेड गायब. म्हणूनच टॉर्चचा इतका उपयोग.

मागच्या पावसाळ्यात मोरजीहून अगदी अशीच केस आली होती, ती सांगतो. मालकाने आधी एकदा पंख्यातली धूळ काढायला स्वतः उघडली होती. उजेड जायचा, यायचा, टॉर्चने चित्र दिसायचं. आधी मी मायक्रोएसडी कार्ड काढलं, कारण कार्ड आत राहिलं तर मागचं झाकण निघताना अडतं. मग पॉवर बटण तीन सेकंद दाबून `Power Options` मधून पूर्ण बंद केली, स्लीपमध्ये ठेवली नाही. मागे तीन पाकळ्यांचे चार स्क्रू, शिवाय कडेचे साधे. स्टँड उचलला की त्याखाली एक लपलेला असतो, तो विसरून झाकण ओढलं की प्लास्टिक तुटतं. आतला पत्रा काढला. मायक्रोएसडीची छोटी पाटी बॅटरीच्या जोडावर बसलेली असते, ती उचलली आणि सर्वांत आधी बॅटरीचा जोड सोडला. ही पायरी कधीच टाळू नये. बॅटरी जोडलेली असताना बॅकलाइटची पट्टी घातली-काढली तर ती किंचित तिरकी लागते, चुकीच्या पिनला वीज जाते आणि बॅकलाइट चालवणारं सर्किट उडतं. मग केबलचा प्रश्न बोर्डाचा होतो.

भिंगाखाली पट्टी बघितली तर ती तिरकी बसलेली. अशा पट्ट्यांवर टोकाजवळ बहुधा एक पांढरी रेघ असते, ती कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. इथे एका बाजूला रेघ आत, दुसऱ्या बाजूला बाहेर. शिवाय दोन संपर्कांवर हिरवट डाग. कनेक्टरचं छोटं कुलूप नखाने, फार हलक्या हाताने उभं केलं, कारण ते मोडलं तर पट्टी धरणारं काही उरत नाही. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टीची टोकं आणि आतले संपर्क पुसले, वीस मिनिटं वाळू दिलं, पट्टी सरळ सरकवली, कुलूप लावलं. बॅटरी शेवटी जोडली. पांढरं चित्र लावून अंग हलकेच दोन्ही बाजूंनी पिळून पाहिलं, उजेड टिकला.

मामींच्या मशीनमध्ये हेच निघेल असं मी म्हणत नाही. बॅकलाइटच्या एलईडी पट्टीतला एखादा सांधा सुटला असला तरी असंच दिसतं आणि मग पॅनल बदलावाच लागतो. पण आधी पट्टी बघायला सांगा. दुकानदार उघडून दाखवत नसेल तर दुसरीकडे न्या.

सत्तरीची नीता
उघडताना स्क्रूत नेमकं बसेल अशा टोकाचाच स्क्रूड्रायव्हर घ्या, एवढं माझ्याकडून. साध्या चौफुलीच्या जाड टोकाने माझ्या भावाने दोन स्क्रूंची डोकी गुळगुळीत केली आणि मग झाकणच निघेना.

पेडण्याची मामी
दुसऱ्या दुकानात नेली, त्यांनी माझ्यासमोर उघडली. बॅटरी आधी सोडायला मीच सांगितलं. पट्टी सरळच होती. दोन-तीन ठिकाणी काळसर डाग होते, ते पुसले. आता वाकडी धरली तरी उजेड जात नाही, अर्धा तास पिळून-फिरवून पाहिलं. मात्र काल रात्री पाऊण तास खेळल्यावर एकदाच झपकी आली आणि थांबवून थंड केल्यावर परत आली नाही. हे काय असेल?

म्हापशातला रिपेअरवाला
गरम झाल्यावरच येत असेल तर संशय कनेक्टरच्या बोर्डावरच्या सांध्यावर किंवा एलईडीच्या पट्टीवर. दोन्ही तापल्यावर किंचित सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटतात. आता चार दिवस, पूर्ण उजेडावर, चार्जर न लावता खेळू द्या आणि दर वेळी किती मिनिटांनी झपकी येते ते लिहून ठेवा. त्याच वेळाने येऊ लागली तर कन्सोल मला दाखवा. येणंच बंद झालं तर तसंच राहू द्या.

पणजीचा इलेक्ट्रॉनिक्सवाला
एक दिवस चार्जर लावूनही खेळू द्या, पण कन्सोलसोबत मिळालेल्या चार्जरने. तो ५ व्होल्ट आणि १५ व्होल्ट असे दोन दाब देतो. चार्जर लावल्यावर झपकी लवकर आली तर उष्णतेचा संशय बळकट होतो, कारण चार्ज होताना आत जास्त तापतं.

पेडण्याची मामी
आज सोमवार. भाचा शुक्रवारी पुण्याला निघतो. वही घेऊन बसलो आहोत, पहिली नोंद: पूर्ण उजेड, चार्जर नाही, ५२ मिनिटं, झपकी नाही.