दिवसा हिरवा, बल्बखाली लाल : अशा खड्याला 'धूपछाव' म्हणायचं का?

माधवी_पार्ले
एका प्रदर्शनाच्या पाट्यांचं मराठी करून देतेय. एक खडा आहे, दिवसाच्या उजेडात हिरवा दिसतो आणि जुन्या तारेच्या बल्बखाली लालसर. मी लिहिलं 'रंग बदलणारा खडा'. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडलं, म्हणे रंग बदलणारा म्हटलं की विटलेला वाटतो, त्यापेक्षा छान 'धूपछाव' लिहा. मला पटत नाहीये पण का पटत नाहीये ते त्यांना सांगता येईना. आजीचं एक धूपछाव लुगडं होतं, उभा धागा हिरवा आणि आडवा लाल, पदर हलला की रंग हलायचा. पण त्यासाठी दिवा बदलावा लागत नव्हता ना!

तात्या_डोंबिवली
धूपछाव हिंदी आहे. मराठीत ऊनसावली. आपलं असताना उसनं कशाला?

सायली०७
तात्या, ऊनसावली साडी मागून बघा दादरला एखाद्या दुकानात, कोण काय दाखवतंय ते 😄

भिंगवाला_गिरगाव
माधवीताई, तुमची शंका बरोबर आहे. मी खडे तपासायचं काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि आमच्याकडे या दोन गोष्टींची गल्लत रोजची आहे. तुमच्या आजीच्या लुगड्यासारखे खडे असतातच. एकाच खिडकीत, एकाच उजेडात खडा नुसता तिरपा केला की एका बाजूने हिरवा दिसतो आणि दुसऱ्या बाजूने तांबूस. अँडालुसाइट म्हणून एक खडा आहे तो हेच करतो, आणि लोक तो अलेक्झांड्राइट, म्हणजे तुमच्या पाटीवरच्यासारखा दिवा बदलला की रंग बदलणारा खडा, समजून आणतात. त्याला खुशाल धूपछाव म्हणा. पाटीवरचा खडा मात्र हातात अजिबात न हलवता ठेवला आणि फक्त दिवा बदलला तरी रंग बदलतो. तिथे धूपछाव लिहिलंत तर वाचणारा खडा वाकडातिकडा करून बघत बसेल.

गंमत म्हणजे अस्सल अलेक्झांड्राइट दोन्ही करतो, म्हणून तर गोंधळ होतो.

निशांत_ठाणे
मग सरळ अलेक्झांड्राइट लिहा की, विषय संपला. आमच्याकडे आहे एक. आजोबा बोटीवर होते, त्यांनी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरातून आणला, नावच त्या गावावरून पडलंय. आणि रंग बल्बच्या उष्णतेने बदलतो असं बाबा सांगायचे, हात लावून बघा खडा गरम झालेला असतो.

भिंगवाला_गिरगाव
निशांत, गाव नाही, माणूस. रशियात उरल पर्वतात पाचूच्या खाणी होत्या, १८३० च्या दशकात तिथे हा सापडला, आधी पाचूच वाटला. तेव्हा युवराज असलेल्या अलेक्झांडरचं नाव दिलं, तोच पुढे झार झाला, दुसरा अलेक्झांडर. इजिप्तशी काही संबंध नाही. पण 'अलेक्झांड्रियाहून आणलेला अलेक्झांड्राइट' ही गोष्ट मी इतक्या घरांतून ऐकलीय की खडा बघायच्या आधीच अंदाज येतो.

उष्णतेचंही नाही. खडा बर्फात ठेवून बल्बखाली धरा, तरी लालच दिसेल.

कुमुद_जोशी
मग कशाने होतं? मी रसायनशास्त्र शिकवायचे, पण क्रोमियमने पाचू हिरवा आणि क्रोमियमनेच माणिक लाल एवढंच आठवतंय, पुढचं सगळं वाहून गेलं.

भिंगवाला_गिरगाव
बाई, तुम्हाला अर्धं उत्तर आठवतंयच. दोन्हीकडे क्रोमियम, पण त्याच्या भोवतीची जागा वेगळी. माणकात क्रोमियम घट्ट कोंबलेला असतो, तो हिरवा उजेड गिळतो आणि लाल सोडतो. पाचूत जागा सैल, तिथे गिळण्याचा पट्टा पिवळ्या-लालकडे सरकतो, हिरवा सुटतो. अलेक्झांड्राइटमध्ये जागा या दोघांच्या मधली. तिथे तो बरोब्बर मधला पिवळा गिळतो, ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि दोन दारं उघडी राहतात, एक निळसर हिरवं आणि एक लाल, दोन्ही जवळजवळ सारखीच रुंद. आता कुठल्या दारातून जास्त उजेड येईल हे खड्याच्या हातात नाही, दिव्याच्या हातात आहे. आभाळाच्या उजेडात निळं-हिरवं भरपूर, म्हणून हिरवा. तारेच्या बल्बमध्ये निळं अगदी कमी आणि लाल रगड, म्हणून लाल. तराजू समतोल असला की चिमूटभर वजनानेही पारडं झुकतं, तसं.

आणि डोळ्याचाही हात आहे यात. बल्बखाली पालकाची जुडी लाल दिसत नाही, कारण डोळा पिवळा उजेड पांढराच धरून चालतो आणि रंग सावरून घेतो. या खड्यापुरती ती सावरासावर कमी पडते. म्हणून मोबाइलच्या फोटोवर कधी जाऊ नका, तोही असाच रंग सावरतो, आणि विकणारे त्याचा हवा तसा उपयोग करतात.

सायली०७
पण घरात आता तारेचा बल्ब आहे कुणाकडे? सगळीकडे एलईडी.

भिंगवाला_गिरगाव
हेच तर. 'माझा खडा बदलत नाही, फसवलं' म्हणून येणाऱ्यांत कित्येकांनी तो एलईडीखाली नाहीतर ट्यूबखाली बघितलेला असतो. पांढऱ्या एलईडीत निळं भरपूर असतं, खडा हिरवाच राहतो. पिवळसर एलईडीत थोडाफार बदलतो पण मनासारखा नाही. देवघरातली समई लावा, बाकीचे दिवे घालवा, ज्योतीजवळ धरा. ज्योतीत बल्बपेक्षाही लाल जास्त. आणि दिवसाचा रंग बघायचा तर दुपारी सावलीतल्या खिडकीशी बघा, संध्याकाळच्या तांबड्या उन्हात नको. सध्याचं मुंबईचं ढगाळ आभाळ त्याला झकास आहे.

तात्या_डोंबिवली
'तारेचा बल्ब' हे काय मराठी? शास्त्रीय परिभाषेत 'तापदीप्त दिवा' आहे. आणि खड्याला 'वर्णपरिवर्ती' म्हणावं, अर्थ नेमका आणि घडण संस्कृतातली.

माधवी_पार्ले
तात्या, मगाशी हिंदी उसनं नको म्हणालात, आता संस्कृत चालतंय. पाटी शाळेतली पोरं वाचणार आहेत हो.

कुमुद_जोशी
याला आपल्याकडे जुनं नाव नसणार, उघड आहे, १८३० नंतर सापडलेल्या खड्याला नवरत्नांत कुठून जागा? पण त्याचा सख्खा भाऊ आहे, लसण्या. दोन्ही क्रिसोबेरिल या एकाच खनिजाचे प्रकार. आणि लसण्याचं जुनं नाव वैडूर्य. प्राकृतातून तो शब्द ग्रीकात गेला, त्याचं बेरिल झालं, आणि जर्मनमध्ये चष्म्याला ब्रिले म्हणतात तोही त्याच घरातला. म्हणजे क्रिसोबेरिलमधला बेरिल आपलाच, ग्रीसला जाऊन परत आलेला.

प्रवीण_लालबाग
लसण्याचा विषय निघालाच आहे तर, बुधासाठी पाचू सांगितलाय पण बजेट नाही, त्याऐवजी हा दिवसा हिरवा होणारा चालेल का? रात्री काढून ठेवेन.

भिंगवाला_गिरगाव
प्रवीण, अस्सल आणि चांगला बदलणारा अलेक्झांड्राइट पाचूपेक्षा महाग पडेल बहुतेक. बुधाचं तुमच्या ज्योतिषांना विचारा 🙂

निशांत_ठाणे
काल समई लावून बघितलं, आई विचारत होती अवेळी दिवा कशाला. जांभळा झाला, अगदी जांभळाच्या सरबतासारखा. दिवसा निळसर करडा दिसतो. म्हणजे बदलतो तर खराच. मग अस्सल ना?

भिंगवाला_गिरगाव
निळसर करडा आणि जांभळा ऐकून मला राहवत नाही. हिरवा असा कधीच दिसत नाही ना? तो बहुतेक कारखान्यातला कुरुंद आहे, म्हणजे माणिक-नीलमच्याच जातीचा, व्हॅनेडियम घालून केलेला. बंदरांवर तो अलेक्झांड्राइट म्हणून खूप विकला गेलाय. बदलतो खराच, पण बदलतो म्हणून अलेक्झांड्राइट होत नाही. गार्नेट बदलतात, काही नीलमही बदलतात. किती मोठा आहे?

निशांत_ठाणे
सोनाराने कोंदणातून काढून वजन केलं होतं मागे, ६.२० कॅरेट.

भिंगवाला_गिरगाव
सहा कॅरेटचा अस्सल सहजी कुणाच्या बोटात नसतो. आता एक करा. खडा मोकळा आहे तोवर त्याच सोनाराला किंवा लॅबला सांगून पाण्यात बुडवून वजन करून घ्या. कुरुंद पाण्यापेक्षा चौपट जड, अलेक्झांड्राइट ३.७३ पट. म्हणजे तुमचा कुरुंद असेल तर पाण्यात ४.६५ कॅरेटच्या आसपास भरेल, अलेक्झांड्राइट असेल तर ४.५४. फरक थोडा वाटतो पण कॅरेटच्या काट्यावर तो स्पष्ट दिसतो. फक्त खड्याला बुडबुडा चिकटू देऊ नका, एक बुडबुडासुद्धा आकडा बिघडवतो.

निशांत_ठाणे
करून आलो. ४.६५ ते ४.६६.

निशांत_ठाणे
आईला सांगायचं की नाही ते ठरलेलं नाही.

सायली०७
नको सांगूस. आजोबांनी आणलाय तो आणलाय.

कुमुद_जोशी
पण ४.५४ आलं असतं तर अस्सल हे नक्की झालं असतं का?

भिंगवाला_गिरगाव
नाही ना बाई. अलेक्झांड्राइटही कारखान्यात बनतो, तेच क्रोमियम, तीच जात, त्यामुळे वजनही तेच. तिथे पाणी काही सांगत नाही, आतल्या खुणा बघाव्या लागतात, आणि दहा पटीच्या भिंगातून मलाही दर वेळी खात्री देता येत नाही, मोठ्या यंत्रावर पाठवावं लागतं. निशांतच्या खड्यात मात्र भिंगातून वाकड्या रेघा दिसतील, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. जमिनीतल्या खड्यात रेघा असल्या तर सरळ असतात, वाकड्या नाहीत.

तात्या_डोंबिवली
अस्सल, नक्कल, कारखान्यातला... कृत्रिम म्हणा ना. आणि नक्कल वेगळं, कृत्रिम वेगळं. यावर खरं तर वेगळी चर्चा हवी.

सायली०७
नको तात्या 🙏

माधवी_पार्ले
पाटीवर तीन शब्दांची जागा आहे. माझी यादी : 'दुरंगी' (हे एकाच वेळी दोन रंग दिसणाऱ्या खड्याचं वाटतं, म्हणून नको), 'रंगपालटी', आणि 'दिव्यागणिक रंग पालटणारा'. शेवटचं मला आवडलंय. पण बाईंचा फोन आला मघाशी, त्या म्हणतात दिव्यागणिक म्हटलं की दिवाळी वाटते.

प्रवीण_लालबाग
पालटणारा म्हणजे उलटा होणारा नाही का? कूस पालटणे.

तात्या_डोंबिवली
कपडे पालटणे, दिवस पालटणे, दोन्ही चालतं. 'रूप पालटू' वगैरे जुन्या लिखाणात सापडेल. पण मी अजूनही वर्णपरिवर्तीवर ठाम आहे.

भिंगवाला_गिरगाव
आमच्याकडे गिऱ्हाईक येऊन एवढंच विचारतं, 'चेंज आहे का, आणि किती?' मराठी, गुजराती, मारवाडी, सगळे 'चेंज'च म्हणतात. पाटीवर चालणार नाही, माहीत आहे.

कुमुद_जोशी
माधवी, आजीचं ते लुगडं आहे का गं अजून? उभा हिरवा आणि आडवा लाल म्हणालीस, की उलट?