रिपोर्ट येईपर्यंत गोळी थांबवायची का?

वैशाली: मृणालताई, ह्यांच्या तापाचा आज पाचवा दिवस. डेंग्यू, मलेरिया दोन्ही निगेटिव्ह. प्लेटलेट ९० हजार, लिव्हरचे आकडे वाढलेत. डॉक्टरांनी स्क्रब टायफससाठी रक्त घेतलंय, पण रिपोर्टच्या आधीच डॉक्सिसायक्लिन लिहून दिली. सासूबाई म्हणतात, आजार कळल्याशिवाय औषध कसलं? थांबू का?

डॉ. मृणाल: थांबू नकोस गं. जेवण झालं की पहिली गोळी दे. भरपूर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते.

आणि एक बघ. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली आहे का? सिगारेटचा चटका बसल्यासारखी दिसते, दुखत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

वैशाली: आहे! डाव्या जांघेत. ह्यांना पत्ताच नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी झुडपं तोडायला गेले होते.

डॉ. मृणाल: मग तिथेच बारीक किड्याची अळी चावली असणार. तिच्या चाव्यातून स्क्रब टायफसचा जंतू अंगात शिरतो आणि ताप साधारण दहाबारा दिवसांनी येतो. डॉक्टरांना आत्ताच फोन करून खपलीचं सांग. पण खपली नसती तरी गोळी दे म्हटलं असतं, बऱ्याच जणांना ती नसतेच.

कुलकर्णी काका: पण मग साधं अँटिबायोटिक का नाही?

डॉ. मृणाल: काका, हा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, अगदी सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शनसुद्धा, त्याचं काही बिघडवत नाहीत. ताप टिकतो, आणि दुसऱ्या आठवड्यात फुप्फुस, किडनी, मेंदूवर येतं. वाट बघण्याची किंमत ही आहे. त्यापुढे सात दिवसांच्या गोळ्यांचा धोका फार थोडा.

स्नेहा: मी सातव्या महिन्यात आहे, मला असा ताप आला तर हीच गोळी?

डॉ. मृणाल: नाही, गरोदरपणी बहुतेक ॲझिथ्रोमायसिन देतात. तुझे डॉक्टर ठरवतील. आणि कुणीही वैशालीच्या घरची गोळी बघून स्वतःहून सुरू करू नका.

(दोन दिवसांनी)

वैशाली: ताई, काल रात्रीपासून ताप नाही! पण रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. आता बंद करू?

डॉ. मृणाल: अजिबात नाही. ती तपासणी जंतू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती पुरेशी तयार व्हायला आठवडा लागू शकतो, आणि रक्त पाचव्याच दिवशी घेतलं होतं. खपली आहे, गोळीने ४८ तासांत ताप उतरला, हा पुरावा त्या कागदापेक्षा भक्कम आहे. उतरला नसता तर मात्र मीच म्हटलं असतं, दुसरं काही आहे का ते शोधा. डॉक्टरांना रिपोर्ट दाखव, आठवड्याने पुन्हा रक्त बघायचं का ते विचार. गोळ्या लिहून दिल्यात तितके दिवस सकाळ-संध्याकाळ चालू.

वैशाली: बरं. सासूबाईंना वाचून दाखवते.